सांध्याच्या तळाशी लपलेली फट

17 जानेवारी 1994 च्या पहाटे साडेचारच्या सुमारास लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील नॉर्थरिज भागात 6.7 तीव्रतेचा भूकंप झाला. उड्डाणपूल कोसळले, लाकडी घरांचे तळमजले दबले, काँक्रीटची पार्किंगची इमारत खचली. पोलादी सांगाड्याच्या इमारती मात्र ठाम उभ्या होत्या. काही ठिकाणी काचासुद्धा शाबूत होत्या. पोलाद वाकतं, ताणलं जातं, पण तुटत नाही, या अभियंत्यांच्या विश्वासावर त्या दिवशी जणू शिक्कामोर्तबच झालं.

पुढच्या काही आठवड्यांत हा विश्वास डळमळला. बांधकाम चालू असलेल्या इमारतींमध्ये, जिथे सांधे अजून उघडे होते, तिथे तडे दिसले. काही जुन्या इमारतींमध्ये लिफ्ट नीट चालेना म्हणून भिंतींचं आवरण आणि पोलादावरचा अग्निरोधक लेप खरवडून पाहिलं, तर बीम आणि कॉलम जिथे वेल्ड केले होते तिथेच सांधे फाटलेले निघाले. अशा इमारतींचा आकडा शंभरावर गेला. काही ठिकाणी तडा वेल्डपुरता न थांबता कॉलमच्या जाड पोलादात शिरला होता. बीम वाकल्याची खूण जवळपास कुठेच नव्हती. पोलाद ताणलं जाण्याआधीच सांधा काचेसारखा तडकला होता.

असं का झालं हे कळायला वेल्डमधले तीन नेहमीचे दोष आधी समजून घ्यावे लागतात. तिन्ही दोष कुठल्याही फॅब्रिकेशन शॉपमध्ये रोज बोलण्यात असतात, पण पोलादाच्या ताकदीवर त्यांचा परिणाम अगदी वेगवेगळा होतो.

पहिला पोरॉसिटी. वितळलेल्या धातूत वायू अडकतो आणि धातू गोठताना त्याचे बुडबुडे आतच राहतात. दमट रॉड, पत्र्यावरचा गंज, तेल किंवा रंग, ही त्याची नेहमीची कारणं. वायूच्या आवरणाखाली वेल्डिंग चालू असताना उघड्यावर वारा सुटला आणि ते आवरण उडालं, तरीही असंच होतं. म्हणून लो-हायड्रोजन रॉड पाकिटातून काढले की गरम ओव्हनमध्ये ठेवतात आणि लागतील तसे बाहेर काढतात. पोरॉसिटी दिसायला वाईट दिसते. वेल्डच्या अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली की गिऱ्हाईक तिथेच हरकत घेतं. पण भोक गोल असतं, त्याला टोक नसतं. ताण त्याच्या कडेने वळसा घेऊन पुढे जातो. धातू पुरेसा लवचीक असेल आणि भार स्थिर असेल, तर वेल्डच्या छेदातली चार-पाच टक्के जागा अशा विखुरलेल्या बुडबुड्यांनी व्यापली तरी सांध्याची ताकद फारशी घटत नाही. बुडबुडे एका ओळीत आले किंवा लांब नळीसारखे आत गेले, तरच काळजीचं कारण असतं. बुडबुड्यांचा सुळसुळाट झाला असेल, तर रॉड ओला होता किंवा पत्रा साफ केला नव्हता एवढं नक्की, आणि मग बाकीच्या कामाकडेही बारकाईने पाहावं लागतं.

दुसरा अंडरकट. वेल्डच्या कडेला मूळ पत्रा वितळून जातो, पण ती जागा नव्या धातूने भरली जात नाही. मग कडेने एक बारीक चर राहतो. करंट जास्त ठेवला, आर्क लांब धरला, हात भरभर नेला किंवा रॉडचा कोन चुकला की हा चर उमटतो. वेल्डच्या कडेने टॉर्चचा उजेड आडवा टाकला की त्याची काळी रेघ दिसते, आणि गेजचं टोक चरात टेकवून खोली मोजता येते. वीस मिलिमीटरच्या पत्र्यात अर्धा मिलिमीटर चर म्हणजे जाडी फक्त अडीच टक्क्यांनी कमी. तेवढ्याने साध्या, स्थिर भाराचं काही बिघडत नाही.

भार पुन्हापुन्हा येत असेल तर गोष्ट वेगळी. रेल्वे पुलाचा गर्डर किंवा कारखान्यातल्या क्रेनचा गर्डर लाखो वेळा ताणला आणि सोडला जातो. अशा वेळी चराच्या तळाशी ताण एकवटतो आणि तिथूनच थकव्याचा तडा सुरू होतो. वेल्ड केलेल्या सांध्याचं आयुष्य ढोबळमानाने ताणाच्या चढउताराच्या तिसऱ्या घाताने घटतं. चढउतार दुप्पट झाला की आयुष्य एक-अष्टमांश. म्हणूनच अमेरिकेच्या वेल्डिंग संहितेत, म्हणजे D1.1 मध्ये, पंचवीस मिलिमीटरपेक्षा पातळ पत्र्यावर स्थिर भारासाठी सर्वसाधारणपणे एक मिलिमीटरपर्यंतचा अंडरकट चालतो. पण पुनःपुन्हा भार घेणाऱ्या मुख्य भागात वेल्ड ताणाला आडवा असेल, तर मर्यादा पाव मिलिमीटर. चर तोच असतो, पण तो कुठे आहे आणि तिथून ताण कसा वाहतो, यावरून त्याचं गांभीर्य ठरतं.

तिसरा दोष सर्वांत घातक आणि सर्वांत लपलेला: लॅक ऑफ फ्युजन. वेल्डचा धातू पत्र्यावर पसरतो, पण पत्रा खाली वितळतच नाही. दोन्ही एकमेकांना टेकून असतात, एकजीव झालेले नसतात. करंट कमी असेल, आधीच्या थरावरची स्लॅग चिपिंग हॅमर आणि वायर ब्रशने नीट काढली नसेल, खाच इतकी अरुंद असेल की आर्क तळापर्यंत पोचत नसेल, किंवा वितळलेला धातू आर्कच्या पुढे धावून थंड पत्र्यावर पसरत असेल, तर हा दोष राहतो. वरून वेल्ड गुळगुळीत आणि भरलेला दिसतो. आत मात्र कागदासारखी पातळ आणि टोकाला धारदार फट असते. D1.1 मध्ये या दोषाला एक मिलिमीटरचीही सवलत नाही.

कापडवाला काठाला कात्रीने बारीकशी चीर देतो आणि मग ठाण हाताने सरळ फाडतो. धारदार फटीच्या टोकाशी पोलादाचंही असंच होतं. किती धातू कमी झाला याला तिथे फारसं महत्त्व नसतं. फट किती खोल आहे आणि आजूबाजूचा धातू फाटण्याला किती प्रतिकार करतो, यावर सगळं अवलंबून असतं. या प्रतिकाराला अभियंते टफनेस म्हणतात.

नॉर्थरिजच्या सांध्यात ही फट राहायला जागाच तयार होती. या सांध्यात बीमची वरची आणि खालची फ्लॅंज कॉलमला जागेवरच वेल्ड करत आणि मधला वेब बोल्टने जोडत. खालच्या फ्लॅंजचं काम करताना वेल्डर बीमच्या वरून खाली वाकून वेल्ड करायचा, आणि वेब नेमका मध्ये यायचा. वेबला सांध्याजवळ छोटं भोक ठेवलेलं असायचं. वेल्डर एका कडेपासून वेबपर्यंत थर टाकत यायचा, तिथे थांबायचा आणि मग दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू करायचा. त्यामुळे प्रत्येक थराची सुरुवात किंवा शेवट फ्लॅंजच्या बरोबर मध्यावर, वेबखाली यायचा. तिथे हात अवघडायचा आणि स्लॅगही नीट निघायची नाही. त्याच रेषेत पलीकडे कॉलमचा वेब असल्याने भूकंपात ताणही तिथेच सर्वाधिक यायचा. तुटलेल्या सांध्यांचे तुकडे तपासले तेव्हा बहुतेक तडे याच जागी, वेल्डच्या तळाशी राहिलेल्या लॅक ऑफ फ्युजनपासून सुरू झालेले आढळले.

त्यात आणखी दोन गोष्टींची भर पडली. वितळलेला धातू खाली गळू नये म्हणून फ्लॅंजखाली पोलादी पट्टी, म्हणजे बॅकिंग बार लावत आणि काम झाल्यावर ती तशीच ठेवत. पट्टी आणि कॉलम यांच्यामध्ये एक न जुळलेली फट कायम राहायची आणि तिचं टोक थेट वेल्डच्या तळाशी भिडायचं. शिवाय त्या काळी E70T-4 नावाची वायर वापरली जात असे. तिने धातू झपाट्याने भरता यायचा, पण त्या वेल्डला टफनेसची कोणतीही किमान अट नव्हती.

ढोबळ हिशेब करून पाहू. बॅकिंग बारची जाडी आणि आतला दोष मिळून दहा मिलिमीटर खोल फट धरली आणि कमी टफनेसच्या वेल्डला साजेसा आकडा घेतला, तर सांधा चौरस मिलिमीटरमागे सुमारे 250 न्यूटन ताणाला फाटतो. बीमच्या पोलादाची ताणलं जाऊ लागण्याची किमान मर्यादाही साधारण तेवढीच. प्रत्यक्षात आलेलं पोलाद तर त्याहून मजबूत असायचं. म्हणजे बीमला वाकायची संधी मिळण्याआधीच सांधा तुटणार. भूकंपाचा जोर बीमने वाकून पचवावा, ही सगळी रचना त्या फटीने निकामी केली.

मग तपासणीत हे कळलं कसं नाही? सांधे अल्ट्रासॉनिक पद्धतीने तपासलेले होते. या तपासणीत पोलादात ध्वनिलहरी सोडतात आणि दोषावरून परतणारा प्रतिध्वनी पडद्यावर पाहतात. सपाट फटी शोधायला ही पद्धत एक्स-रेपेक्षा चांगली, कारण एक्स-रेत गोल बुडबुडे स्वच्छ दिसतात, पण किरणांना आडवी असलेली पातळ फट सहसा निसटते. अडचण वेबचीच होती. खालच्या फ्लॅंजवर प्रोब मध्यापर्यंत नेता यायचा नाही आणि तळाशी असलेला बॅकिंग बारही स्वतःचा प्रतिध्वनी द्यायचा. खरा दोष त्यात दडून जायचा किंवा पट्टीचा म्हणून सोडून दिला जायचा. भूकंपानंतरच्या तपासणीत वेल्डच्या तळाशी मिळालेल्या अशा बऱ्याच खुणा आधी भूकंपाचं नुकसान म्हणून मोजल्या गेल्या. पुढच्या अभ्यासात त्यातल्या अनेक बांधकामाच्या वेळचेच दोष असल्याचं निष्पन्न झालं.

अमेरिकन सरकारने यावर मोठा संशोधन प्रकल्प चालवला आणि 2000 साली नवी मार्गदर्शक तत्त्वं आली. आता खालच्या फ्लॅंजचा बॅकिंग बार काढतात, वेल्डचा तळ खालून खरवडून निरोगी धातू उघडा करतात आणि तिथे नवा वेल्ड भरून त्याला कोपऱ्याच्या वेल्डचा आधार देतात. वायरला टफनेसची किमान अट असते: उणे अठरा अंश सेल्सिअसला सत्तावीस ज्यूल. काही रचनांमध्ये सांध्यापासून थोड्या अंतरावर बीमची फ्लॅंज मुद्दाम दोन्ही बाजूंनी गोलाकार कापून अरुंद करतात, म्हणजे बीम तिथे वाकतो आणि वेल्डवर पूर्ण जोर येत नाही.

1994 च्या आधीच्या इमारती मात्र अजून वापरात आहेत. सांता मोनिका शहराने 2017 मध्ये जुन्या इमारतींच्या मजबुतीकरणाचा जो नियम केला, त्यात या सांध्यांच्या पोलादी इमारतीही घेतल्या. तिथे सांधा तपासायचा म्हणजे छत उघडून अग्निरोधक लेप काढावा लागतो, भाडेकरूंना काही दिवस बाजूला हलवावं लागतं, आणि वेल्डरला पुन्हा त्याच वेबखाली, त्याच अवघड जागी हात घालावा लागतो.