बाटलीभोवतीचा कागद

मोह हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले ओळखीचे झाड. समजा, त्याच्या बियांचे तेल त्वचेसाठी 100 मिलीच्या गोल बाटलीत विकायचे आहे. आपण लेबल तपासू.

बाटलीचा व्यास 44 मिमी, म्हणजे घेर सुमारे 138 मिमी. समोरून अर्धी बाटली दिसते खरी, पण कडेकडची अक्षरे आक्रसतात. मध्यापासून 60 अंशांवर अक्षराची रुंदी निम्मीच भासते. त्यामुळे एका नजरेत नीट वाचता येतो तो घेराचा तिसरा भाग, 46 मिमी. नाव त्यातच मावले पाहिजे. संगणकाच्या सपाट पडद्यावर 70 मिमीचे नाव देखणे दिसते. बाटलीवर त्याची दोन्ही टोके वळणाआड जातात.

घटकांची यादी मागे. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या प्रमाणात, बाकीचे त्यानंतर कोणत्याही क्रमाने. 60 मिलीपेक्षा लहान द्रव बाटलीला यादीची सूट आहे, आपल्या बाटलीला नाही. यादीच्या ओळीही 46 मिमीतच मोडाव्यात, नाहीतर वाचताना प्रत्येक ओळीला बाटली फिरवावी लागते.

वेष्टनावरच्या सक्तीच्या मजकुराचे अक्षर किमान 1 मिमी उंच हवे. फसगत इथेच होते. 6 पॉइंट म्हणजे 2.1 मिमी, पण ते अक्षराच्या पूर्ण चौकटीचे माप. इंग्रजी लहान ‘ए’ जेमतेम 1 मिमी भरतो. 5 पॉइंटला तो नापास. म्हणून छपाईआधी खऱ्या मापाचा कागद बाटलीला गुंडाळावा आणि पट्टी अक्षरालाच लावावी.