खिशावरचा बिल्ला बदलताना

शाळेने बोधचिन्ह बदललं, पण माहितीपुस्तिकेसाठी निवडलेल्या छायाचित्रातल्या मुलाच्या ब्लेझरवर अजून जुनंच आहे. जुनं ढालीच्या आकाराचं, नवं गोल. नुसता गोल वर चिकटवला तर ढालीची वरची दोन टोकं आणि खालचं निमुळतं टोक बाहेर डोकावतात. म्हणून आधी खिसा मोकळा करायचा, बिल्ला नंतर.

फोटोशॉपमध्ये हे काम मूळ चित्राला हात न लावता, वेगळ्या लेयरवर करावं. खिशाच्या कडेची शिलाई दिसते, तिच्या किंचित आतून पेन टूलने रेघ आखून घ्यावी आणि जे काही बदलायचं ते त्या रेघेच्या आतच ठेवावं. कड आणि टाके मूळचेच राहिले, की खिसा खरा वाटतो. आतलं कापड Clone Stamp ने भरावं. Healing Brush सोपा वाटतो, पण कडेजवळ तो शेजारचा रंग ओढून घेतो आणि शिलाईपाशी धुरकट डाग पडतो. नमुना घेतानाही विणीकडे लक्ष हवं. ट्विलच्या तिरक्या रेघा जिथे तुटतात, तिथे ठिगळ लगेच कळतं. उजेड सारखा असलेल्या जवळच्या भागातूनच नमुना उचलावा.

आता नवा बिल्ला. ट्रान्सफॉर्मने तो खिशाच्या कलाप्रमाणे झुकवावा. खिसा क्वचितच कॅमेऱ्यासमोर सरळ असतो. मोकळ्या केलेल्या चित्राची कृष्णधवल प्रत थोडी धूसर करून, त्याच मापात PSD म्हणून साठवावी आणि Displace फिल्टरला नकाशा म्हणून द्यावी. मधला करडा रंग बिल्ल्याला जागेवर ठेवतो, त्याहून उजळ आणि गडद भाग त्याला विरुद्ध दिशांना सरकवतात, त्यामुळे तो कापडाच्या चुण्यांबरोबर वळतो. प्रत धूसर केली नाही, तर विणीचा प्रत्येक धागा बिल्ल्याची कड करवतीसारखी दातेरी करतो. सुरुवातीला 4 किंवा 5 एवढाच आकडा पुरे.

चुण्यांची सावली वेगळ्या लेयरवर Multiply ने द्यावी. भरतकामाचा बिल्ला कापडावर किंचित उचललेला असतो, त्यामुळे उजेडाच्या विरुद्ध बाजूला त्याच्या काठाखाली बारीक सावली हवी. त्यातला पांढरा रंग मात्र कोरा पांढरा नसावा. त्याच उजेडातल्या शर्टाच्या कॉलरशी तो जुळवून पाहावा.

सर्वांत जास्त फसगत तीक्ष्णतेत होते. संगणकावर काढलेलं चिन्ह छायाचित्रापेक्षा नेहमी ठसठशीत असतं. 100 टक्के आकारात पाहताना बिल्ल्याची कड आणि खिशाचे टाके यांची तुलना करावी. दोन्ही कॅमेऱ्यापासून जवळपास तितक्याच अंतरावर असतात. टाके मऊ आणि बिल्ला धारदार दिसला, तर त्याला थोडं धूसर करून वर छायाचित्राएवढीच रवाळ खर घालावी.

जुन्या बिल्ल्याने खिशाची शिलाईच झाकली असेल, तर ती या चित्रातून परत मिळत नाही. त्याच गणवेशाचं, त्याच बाजूने उजेड असलेलं दुसरं छायाचित्र काढून तिथले टाके आणावे लागतात.