सिगारेट सुटली, पॅन्ट घट्ट झाली

सिगारेट सोडून दोन महिने झाले की अनेकांना पॅन्टचं बटण लागेनासं होतं. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच. सगळ्यांचं वाढतंच असं मात्र नाही, काहींचं कमीही होतं.

निकोटिन मेंदूतली भूक दाबतं आणि शरीराची भट्टी थोडी तेज ठेवतं. दिवसाला वीस-बावीस सिगारेटी ओढणाऱ्याच्या शरीरात त्यामुळे रोज सुमारे २०० कॅलरी जास्त जळतात. सिगारेट थांबली की ही जादा जळण थांबते आणि दबलेली भूक वर येते. जिभेची चवही परतते, वरणभातसुद्धा नव्याने गोड लागतो.

पण खरा घोळ टपरीवर होतो. समजा, एक गृहस्थ दिवसातून चारदा चहा-सिगारेटसाठी खाली उतरायचे. सिगारेट सुटली, पण उतरणं सुटलं नाही. रिकाम्या हाताला काहीतरी हवं म्हणून दोन चहा वाढले आणि त्यांच्यासोबत चार बिस्किटं आली. साखरेच्या दोन चहांच्या साधारण १२० आणि बिस्किटांच्या ८० कॅलरी झाल्या. म्हणजे न जळलेल्या २०० आणि वरून खाल्लेल्या २००. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी. या हिशेबाने तीन आठवड्यांत काटा किलोभर पुढे सरकतो.

न जळलेल्या कॅलरींवर थेट इलाज नाही. वरच्या २०० मात्र आपल्या हातात आहेत. तलफ सहसा तीन ते पाच मिनिटं टिकते. तेवढ्यात पाणी प्यावं, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाकावी, नाहीतर दोन जिने चढून यावं. डब्यात काकडी, गाजर आणि मूठभर फुटाणे ठेवावेत. सुपारी मात्र नको, तिनेही कर्करोग होतो. रोज अर्धा-पाऊण तास भराभर चाललं की दीडएकशे कॅलरी वसूल होतात आणि तलफही शमते.

निकोटिनच्या गोळीने वजनवाढ पुढे ढकलली जाते, तेवढ्यात नव्या सवयी बसवता येतात. पण ती साध्या च्युइंगगमसारखी सतत चघळू नये. तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवावी. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी घेऊ नये, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पहिल्याच महिन्यात कडक डाएट मात्र सुरू करू नका. पोटातली भूक आणि तलफ एकत्र आली की हात पुन्हा पाकिटाकडे जातो. आठवड्यातून एकदा, एकाच वेळी वजन करा. वजन वाढलं तरी सिगारेट सोडल्याचा हृदयाला होणारा फायदा कायम राहतो. चार किलो नंतर उतरवता येतील, आधी सिगारेट सुटू द्या.