रात्री अकराचा फोन कोणी उचलायचा?

‘बर्नआउट’ म्हटलं की आयटी कंपन्या आठवतात. पण 1974 मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी त्यावर लिहिलं ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातले स्वयंसेवक पाहून. सेवाभावाने आलेली माणसंच आधी कोलमडत होती.

आपल्याकडे त्याचं एक मूळ अंदाजपत्रकात आहे. परदेशी देणगीतून प्रशासकीय कामांवर किती खर्च करता येतो, ही मर्यादा 2020 च्या कायदादुरुस्तीने 50 टक्क्यांवरून 20 वर आली. समजा, कौटुंबिक हिंसाचारात अडकलेल्या स्त्रियांसाठीचं एक समुपदेशन केंद्र अशा 20 लाखांवर वर्षभर चालतं. कार्यालयाच्या वाट्याला येतात चार लाख. हिशेबनीसाला महिना 20 हजार आणि भाडं 10 हजार धरलं, तरी त्यातले 3 लाख 60 हजार संपले. उरलेल्या 40 हजारांत वर्षाचं ऑडिट, वीज, फोन आणि अहवाललेखन बसवायचं. ते बसत नाही. मग दिवसभर बायकांचं ऐकून घेणारी समुपदेशक संध्याकाळी अहवाल लिहायला बसते आणि रात्री अकराला तिचा स्वतःचा मोबाइल वाजतो.

तो उचलला नाही, तर पलीकडची बाई एकटी पडणार, हे तिला माहीत असतं. म्हणून ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला तिच्या उपयोगाचा नाही. तिची अपराधी भावना मनाचा खेळ नाही. तिच्या जागी फोन घेणारं दुसरं कोणी खरोखरच नसतं. पगारवाढ मागतानाही तेच होतं: त्या पैशात दोन बायकांचा वकील उभा राहिला असता, हा हिशेब ती स्वतःच मांडते आणि गप्प बसते.

थकव्याच्या पुढची पायरी ओळखता येते. बाईचं नाव जाऊन ‘ती सोमवारची केस’ उरते. परत नवऱ्याकडे गेलेल्या बाईचा राग येऊ लागतो. मग वाटतं, आपल्या हातून काहीच होत नाही. आठवडाभराच्या रजेने हे सुटत नाही, कारण परत आल्यावर तेवढ्याच फायली वाट पाहत असतात.

मर्यादा संस्थेने आखली, तर ती पाळता येते. फोन संस्थेचा हवा आणि तो आळीपाळीने घरी जावा. रात्रपाळीची बदली सुट्टी हजेरीपत्रकात लिहिलेली असावी. पाळी नसेल त्या रात्रीसाठी 181 ही महिला हेल्पलाइन आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक पहिल्याच भेटीत बाईला दिलेले असावेत. तिसऱ्या समुपदेशकाचा पगार मात्र प्रस्ताव लिहितानाच मागावा लागतो. थेट सेवा देणाऱ्या शिक्षक-डॉक्टरांचे पगार कायद्याने प्रशासकीय खर्चात धरले जात नाहीत. समुपदेशनही थेट सेवाच आहे, हे देणगीदाराला तेव्हाच पटवावं लागतं. देणगीदार नाही म्हणाला, तर केंद्राने रात्रीची सेवा जाहीर करू नये. ती जाहीर करून तिचं ओझं एकीच्या मोबाइलवर टाकणं ही काटकसर नव्हे, न दिलेला पगार आहे.