पिशवीतल्या बटाट्याला अंधार हवा

बटाटा जमिनीखाली वाढत असला तरी ते मूळ नाही, ते खोड आहे. झाडाच्या खोडापासून मातीत आडवे पांढरे फुटवे निघतात आणि त्यांची टोके फुगून बटाटे होतात. म्हणूनच त्याच्यावर डोळे असतात आणि म्हणूनच उजेड लागला की तो हिरवा पडतो. गच्चीवर ग्रो बॅगेत बटाटा लावणाऱ्याने ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढची बरीच कामे का करायची ते आपोआप कळते.

पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरची लागवड धरून चालू. पंधरा इंच रुंद आणि तेवढीच उंच पिशवी घ्यावी, तळाला भोके असलेली. तिच्यात तीन बेणी पुरेत. दाटी केली तर बटाटे गोटीएवढेच राहतात. लागवड ऑक्टोबरच्या शेवटी, कारण बटाटा धरायला रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचे तापमान वीस अंशांच्या वर राहिले तर पाला झकास वाढतो, पण खाली काही सापडत नाही. मुंबई-कोकणात हीच अडचण येते. तिथे उष्णता सोसणारा ‘कुफरी सूर्या’सारखा वाण मिळाला तर पाहावा.

बेणे म्हणून कोंबडीच्या अंड्याएवढे निरोगी बटाटे निवडावेत. बियाण्याचे मिळाले तर उत्तम. बाजारातल्या खाण्याच्या बटाट्याला कधी कधी कोंब येऊ नयेत म्हणून औषध मारलेले असते, शिवाय त्यातून रोगही येऊ शकतो. लागवडीआधी दोन-तीन आठवडे ते अंड्यांच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेले टोक वर करून ठेवावेत. जागा उजेडाची हवी, पण उन्हाची नको. अंधाऱ्या कपाटात ठेवले तर लांब, पांढरे, हात लागताच मोडणारे कोंब येतात. उजेडात मात्र आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. ते अर्धा-पाऊण इंच झाले की बेणे तयार.

मोठा बटाटा कापून लावता येतो. प्रत्येक फोडीला निदान दोन डोळे हवेत आणि फोड चाळीस-पन्नास ग्रॅमची हवी. कापलेल्या फोडी सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्याव्यात, म्हणजे कापावर कोरडा पापुद्रा धरतो. ओल्या फोडी लावल्या तर त्या मातीत कुजतात. ऑक्टोबरचा उकाडा असेल तर मी अख्खे बेणेच लावायला सांगेन.

पिशवीच्या कडा खाली दुमडून तळाशी पाच इंच मिश्रण भरावे: निम्मी माती, उरलेल्यात मुरलेले शेणखत आणि कोकोपीट. कच्चे शेण नको. नत्र वाढले की झाड नुसते पाल्यावर जाते. कोंब वर करून बेणी ठेवावीत आणि वर तीन इंच माती घालावी. साधारण दोन आठवड्यांत पाने वर येतात.

झाड सात-आठ इंच झाले की पहिली भर द्यावी. खोडाभोवती तेच मिश्रण असे घालायचे की वरची तिसरा हिस्सा पाने उघडी राहतील. दोन आठवड्यांनी दुसरी भर, आणि मग पिशवीच्या काठाखाली दोन बोटे जागा सोडून थांबायचे. उंच पिशवी भरत गेले की मजल्यावर मजले बटाटे लागतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात बहुतेक फुटवे बेण्याच्या आसपासच निघतात. भर देण्याचा खरा उपयोग अंधार राखण्याचा. पाणी देताना माती धुऊन बटाटा उघडा पडला, तर लगेच झाकावा.

पाण्यात चढ-उतार नको. कधी कोरडे, कधी चिखल असे झाले की बटाटे तडकतात, वेडेवाकडे होतात. बोट दोन इंच खुपसावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे.

काढणीची वेळ फुलांवरून ठरवू नये. आपल्याकडे हिवाळ्यात अनेक झाडे फुलतच नाहीत. ऐंशी-नव्वद दिवसांनी पाला एकसारखा पिवळा होऊन लोळू लागला, की पाणी बंद करावे. याउलट, दीड महिन्यातच खालची पाने पिवळी पडली तर ते पिकणे नव्हे, बहुधा पाणी जास्त झालेले असते. तपकिरी ओलसर डाग आणि पानामागे पांढरी बुरशी दिसली तर करपा. तो पाला काढून दूर टाकावा.

लोळलेला पाला कापून पिशवी आठ-दहा दिवस तशीच ठेवावी, म्हणजे साल पक्की होते. मग एक बटाटा उकरून अंगठ्याने घासावा. साल सुटली तर थांबावे. घट्ट राहिली तर पिशवी ताडपत्रीवर उपडी करावी. दीड-दोन किलो निघाले तर पीक चांगले आले. काढलेले बटाटे न धुता, अंधाऱ्या हवेशीर जागी आठवडाभर पसरावेत. जे हिरवे पडले ते खाऊ नयेत, कारण त्यातले सोलॅनिन शिजवूनही जात नाही.