महाग सेंद्रिय भाजीत जास्त काय असते?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत रक्त कमी असण्याचा विषय निघाला. डॉक्टरांनी भाजीपाला वाढवायला सांगितला, असे बऱ्याच जणी सांगत होत्या. तेवढ्यात एका ताईंनी विचारले, "हातगाडीवरच्या भाजीत आता काही सत्त्व उरलेले नाही म्हणतात. सेंद्रिय घ्यावी तर भाव दुप्पट. मग आम्ही काय करायचे?" बैठकीत कुणालाच नीट उत्तर देता आले नाही. म्हणून या वेळी आम्ही तोच प्रश्न हाती घेतला आहे.

तुलना करायची तर आधी ती नीट व्हायला हवी. बाजारातून एक सेंद्रिय आणि एक साधा टोमॅटो आणून तपासला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोघांचे वाण वेगळे असेल, एक झाडावर पिकलेला आणि दुसरा कच्चा तोडलेला असेल, एक कालचा आणि एक चार दिवसांपूर्वीचा असेल. एवढ्यानेही जीवनसत्त्वे कमीजास्त होतात. खरी तुलना करायला वाण तेच, माती तीच, पाणी आणि तोडणीची वेळही तीच लागते. बदलायचे ते फक्त खत आणि फवारणी.

असा प्रयोग अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठाच्या शेतावर झाला. तिथे शेजारशेजारच्या तुकड्यांत वर्षानुवर्षे टोमॅटो घेतले जात होते. काही तुकड्यांना रासायनिक खत होते, तर काहींना शेणखत, कंपोस्ट आणि हिरवळीचे खत. १९९४ ते २००४ या १० वर्षांतले टोमॅटो वाळवून जपून ठेवले होते. ते तपासल्यावर २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेंद्रिय टोमॅटोत क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य सरासरी ७९ टक्के जास्त होते आणि केम्फेरॉल नावाचे ९७ टक्के जास्त.

असे का झाले, ते समजून घेण्यासारखे आहे. युरियासारख्या खतातला नत्र झाडाला लगेच मिळतो. झाड भराभर वाढते आणि आपली शक्ती पाने-फळे वाढवण्यात घालते. कुजलेल्या खतातला नत्र हळूहळू सुटतो, त्यामुळे वाढ सावकाश होते आणि झाड स्वतःच्या संरक्षणाची द्रव्ये जास्त बनवते. क्वेर्सेटिन हे त्यातलेच एक. डेव्हिसच्या शेतात जमीन जसजशी सुधारत गेली आणि कंपोस्ट कमी घालावे लागले, तसतशी सेंद्रिय टोमॅटोतली ही द्रव्ये वाढत गेली. म्हणजे फरक 'सेंद्रिय' या नावामुळे पडत नाही. झाडाला नत्र किती आणि किती वेगाने मिळतो, यावर तो बराचसा अवलंबून असतो.

पण ७९ टक्के हा आकडा ऐकून हुरळून जाऊ नये. क्वेर्सेटिन म्हणजे लोह नव्हे, 'क' जीवनसत्त्वही नव्हे. ते रोज अमुक इतके पोटात गेलेच पाहिजे, असे प्रमाण ठरलेले नाही. टोमॅटोत ते मुळातच थोडे असते, आणि थोड्याचे पावणेदोन पट झाले तरी ते थोडेच राहते. आपल्या साध्या कांद्यात ते टोमॅटोपेक्षा कितीतरी पट जास्त असते. भाकरीबरोबर अर्धा कांदा खाल्ला तरी टोमॅटोतला हा फरक सहज भरून निघतो.

मग लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे यांचे काय? लंडनमधल्या संशोधकांनी २००९ साली ५० वर्षांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१२ साली तसेच केले. आरोग्याला उपयोगी पडेल असा जीवनसत्त्वांतला किंवा खनिजांतला फरक दोघांनाही आढळला नाही. सेंद्रिय मालात फॉस्फरस थोडा जास्त निघाला, पण तो आपल्याला डाळ-भाकरीतून भरपूर मिळतोच. २०१४ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने ३४३ अभ्यास तपासले. क्वेर्सेटिनच्या जातीची द्रव्ये सेंद्रिय पिकांत जास्त असतात, असे त्यांनाही दिसले. शिवाय कॅडमियम हा घातक धातू सेंद्रिय पिकांत, विशेषतः धान्यात, कमी आढळला. प्रथिने मात्र सेंद्रिय मालात किंचित कमी होती.

सेंद्रिय खाणारे कमी आजारी पडतात का? फ्रान्समध्ये सुमारे ६९ हजार लोकांच्या पाहणीत, सर्वांत जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांत कर्करोग सुमारे २५ टक्के कमी आढळला. पण हे लोक जास्त शिकलेले, जास्त कमावणारे आणि एकूणच चांगले खाणारे होते. त्यामुळे श्रेय भाजीचे की परिस्थितीचे, हे ठरवता येत नाही. ब्रिटनमध्ये ६ लाखांहून अधिक स्त्रियांवर सुमारे ९ वर्षे लक्ष ठेवले, तिथे एकूण कर्करोगात घट दिसली नाही.

खरा आणि मोठा फरक आहे तो औषधाच्या अंशांचा. स्टॅनफर्डच्या अभ्यासात साध्या मालाच्या ३८ टक्के नमुन्यांत कीटकनाशकाचे अंश सापडले, तर सेंद्रिय मालाच्या ७ टक्के. म्हणजे सेंद्रिय मालही पूर्ण निर्लेप नसतो, कारण शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने येते. मर्यादेपेक्षा जास्त अंश मात्र दोन्हीकडे क्वचितच आढळले. आणि या औषधाचा पहिला घाव खाणाऱ्यावर पडत नाही. तो पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुरावर पडतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. सेंद्रिय शेतीचा सर्वांत स्पष्ट लाभ आम्हाला इथे दिसतो.

आता पुन्हा ताईंच्या प्रश्नाकडे येऊ. समजा, रोज भाजीला ४० रुपये आहेत. त्यात साध्या पालेभाजीच्या दोन जुड्या येतात आणि सेंद्रिय एकच. लोह दोन्हींत जवळपास सारखे, म्हणजे दोन जुड्या घेणाऱ्या घरात ते दुप्पट गेले. भाजी-फळे मिळून माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम हवीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सेंद्रियच्या हट्टापायी ताटातली भाजी निम्मी झाली, तर तोटा घरातल्या मुलांचा आणि बायकांचाच.

भाजी आज तोडलेली, टवटवीत बघून घ्यावी. पालेभाजीतले 'क' जीवनसत्त्व दोन-तीन दिवसांत झपाट्याने घटते, त्यापुढे खताचा फरक किरकोळ ठरतो. चिरण्याआधी वाहत्या पाण्याखाली एकेक पान चोळून धुवावे. चिरल्यावर धुतली तर जीवनसत्त्वे पाण्याबरोबर जातात. कोबीची वरची पाने काढावीत, फुलकोबीचे तुरे सुटे करून धुवावेत. याने वरवरचे औषध बरेचसे निघते. जे झाडाच्या आत शोषले गेले ते धुऊन निघत नाही, म्हणून रोज एकच भाजी न खाता भाज्या आलटून पालटून घ्याव्यात. आणि ताटात लिंबू पिळावे, त्याने पालेभाजीतले लोह अंगी जास्त लागते.

हातात चार पैसे जास्त असतील आणि सेंद्रिय घ्यायची असेल, तर जरूर घ्यावी. पाकिटावर सेंद्रिय प्रमाणपत्राची खूण बघून घ्यावी. पण ती खूण शेती कशी केली एवढेच सांगते, आत लोह किती आहे ते सांगत नाही. हातगाडीवरची भाजी खाणाऱ्या आईने आपण मुलांना निःसत्त्व काही खाऊ घालतोय, असे मनात आणू नये. त्या भाजीत सत्त्व आहे. ती ताजी असावी, नीट धुतलेली असावी आणि ताटात भरपूर असावी.