नंबर कुणाचे, बक्षीस कुणाचं?

दोन मित्रांनी मिळून लॉटरीचं एक तिकीट काढलं. ४९ आकड्यांतून सहा निवडायचे होते. तीन एकाने सांगितले, तीन दुसऱ्याने. पैसे निम्मे निम्मे. सोडतीत त्यांचे चार आकडे जुळले, त्यातले तीन पहिल्याचे आणि एकच दुसऱ्याचा. पहिला म्हणाला, ‘बक्षिसाचे तीन हिस्से माझे, एक तुझा.’ इथून त्यांचं भांडण सुरू झालं.

या विषयावर कथा लिहायची तर एवढा मजकूर पुरेसा आहे. प्रेमचंदांनी ‘लॉटरी’ नावाची कथा लिहिली तेव्हा त्यांना एवढंही लागलं नाही. त्यांच्या दोन मित्रांचं तिकीट भागीतलं, पण नाव एकाचंच. सोडत व्हायच्या आधीच दोघांच्या मनात संशय शिरतो आणि शेवटी बक्षीस तिसऱ्याच कुणाला लागतं. आपल्या दोघांना मात्र बक्षीस लागलं आहे, त्यामुळे त्यांच्या वादाचा निकाल लावायला हवा.

ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी १९९४ साली अशाच सहा-आकडी खेळाने सुरू झाली. तेव्हा तिथे तीन आकडे जुळले की १० पौंड ठरलेले असायचे. चार जुळले तर साधारण ६० पौंडांच्या आसपास रक्कम मिळायची. तेच आकडे धरू. पहिल्याच्या हिशोबाने ४५ पौंड त्याचे आणि १५ दुसऱ्याचे. यावर दुसरा म्हणतो, ‘माझा आकडा नसता तर तीनच जुळले असते आणि आपल्याला १० पौंड मिळाले असते. वरचे ५० माझ्यामुळे आले.’ पहिला उलट विचारतो, ‘माझे तीन नसते तर तुझा एकटा आकडा काय कामाचा?’

दोघांचंही बोलणं गणिताच्या दृष्टीने खरं आहे, म्हणूनच या वाटेने वाद मिटत नाही. बक्षीस चार आकड्यांच्या जुळणीला मिळतं, सुट्या आकड्याला नाही. कोणताही एक आकडा काढला की साठाचे दहा होतात, मग तो शेवटी निघालेला असो की पहिला. त्यामुळे अमुक पौंड अमुक आकड्याचे असं वेगळं काढून दाखवताच येत नाही.

आता सोडतीच्या आधीचा क्षण पाहा. ४९ पैकी कोणतेही सहा आकडे येण्याची शक्यता सारखीच, एक कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ मध्ये एक. १, २, ३, ४, ५, ६ ही साधी ओळही तेवढीच संभाव्य आहे. कुणाचाही एखादा आकडा जुळण्याची शक्यता ४९ मध्ये ६. म्हणजे तिकीट काढताना दोघांनी टाकलेलं मोल अगदी समान होतं. पहिल्याचे तीन जुळले यात त्याचं कसब नव्हतं, आणि दुसऱ्याचे दोन हुकले यात त्याची चूक नव्हती. ‘माझा हात चांगला’ असं म्हणणाऱ्याला सोडतीच्या आधी त्याबद्दल कुणी एक पैसाही जास्त दिला नसता. मग सोडतीनंतर तो का मागावा? माझ्या मते उत्तर एकच आहे: पैसे निम्मे, तर बक्षीसही निम्मं.

एका बाबतीत मात्र आकडे निवडणाऱ्याचं डोकं खरंच कामाला येतं. आकडे निवडून जिंकण्याची शक्यता वाढत नाही, पण जिंकल्यावर किती जणांत वाटणी होईल यावर निवडीचा परिणाम होतो. पहिलं बक्षीस जिंकणाऱ्यांत विभागलं जात असेल, तर लोकप्रिय आकडे महागात पडतात. १४ जानेवारी १९९५ च्या ब्रिटिश सोडतीत पहिलं बक्षीस १६ दशलक्ष पौंडांच्या घरात होतं. विजेते निघाले १३३, आणि प्रत्येकाच्या हाती जेमतेम एक लाख २२ हजार पौंड आले. पुष्कळ जण घरच्यांच्या वाढदिवसाचे आकडे लावतात, म्हणून ३१ पर्यंतच्या आकड्यांवर गर्दी होते. मित्राने ३१ च्या पुढचे आकडे सुचवले तर त्याचं ऐकावं. पण ही समज त्याने सोडतीआधी दाखवायची असते, आणि तिचा जादा वाटा हवा असेल तर तोही आधीच बोलून ठेवायचा असतो.

हा वाद खरोखर कोर्टात गेला, तो इंग्लंडमध्ये. ‘सिम्पकिन्स विरुद्ध पेज’ हा १९५५ चा निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. एका घरात आजी, तिची नात आणि पैसे देऊन राहणारी एक बाई अशा तिघी राहायच्या. रविवारच्या वर्तमानपत्रातल्या स्पर्धेत आठ पोशाखांचा क्रम लावायचा असे. तिघी एकाच कूपनवर आपापला अंदाज लिहीत, पण कूपन आजीच्या नावाने जाई. टपालखर्च कुणी द्यायचा याचा नेमच नव्हता. एका आठवड्यात ७५० पौंड लागले, आणि आजी म्हणाली, ‘नाव माझं, पैसे माझे.’ भाडेकरू बाईने तिसरा हिस्सा मागितला. न्यायाधीशांनी तो दिला. जिंकलेली ओळ तिची नव्हती, तरीही दिला. जिंकलो तर वाटून घेऊ ही तिघींची समजूत खरी होती, तो नुसता घरगुती गप्पांचा विषय नव्हता, असं कोर्टाने मानलं. म्हणजे आकडे कुणाचे हा प्रश्नच मागे पडला. ठरलं काय होतं, एवढंच पाहिलं गेलं.

आपल्याकडे मामला थोडा नाजूक आहे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार रद्दबातल ठरवतं. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने घेरुलाल पारख प्रकरणात सांगितलं की असा करार रद्दबातल असला तरी बेकायदा नसतो, म्हणून पैजेसाठी केलेल्या भागीदारीतला आपसातला हिशोब मागता येतो. पण मुंबई इलाख्यासाठी १८६५ साली वेगळा कायदा झाला होता, आणि त्यात पैजेला मदत करणारे आनुषंगिक करारही रद्दबातल ठरवलेले आहेत. त्यामुळे तो निकाल आपल्यालाही जसाच्या तसा लागू होईल असं महाराष्ट्रात कुणी गृहीत धरू नये. महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे. कागदी तिकिटावर नंबर छापूनच येतो, तिथे ‘माझे आकडे’ म्हणायला जागा नाही. तिथे भांडण होतं ते तिकीट कुणाच्या खिशात होतं आणि मागे सही कुणी केली यावरून.

भागीतलं तिकीट नीट कसं निभावतं याचं उदाहरण केरळात आहे. २०२३ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडीच्या ११ कचरा वेचणाऱ्या महिलांनी वर्गणी काढून २५० रुपयांचं तिकीट घेतलं. नऊ जणींनी प्रत्येकी २५ रुपये दिले, आणि दोघींनी मिळून २५. त्या तिकिटाला दहा कोटींचं बक्षीस लागलं. वर्गणी कुणी किती दिली हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं, म्हणून हिस्सा कशाच्या आधारे मोजायचा हा प्रश्न तिथे उरला नव्हता.

तेव्हा मित्रासोबत तिकीट काढणार असाल तर सोडतीआधी एका कागदावर चार ओळी लिहा: तिकिटाचा नंबर, कुणी किती पैसे दिले, बक्षीस कसं वाटायचं, आणि तिकीट कुणाजवळ राहील. खाली तारीख टाकून दोघांनी सही करा आणि तिकिटाचा फोटो एकमेकांना पाठवा. वरच्या कायद्यामुळे हा कागद आपल्याकडे कोर्टात टिकेलच असं नाही, पण काय ठरलं होतं हे मात्र त्यावर कायम राहील. आकडे कुणी सुचवले हे त्यात लिहायची गरज नाही.